मुलीचा निकाल आईला का दाखवत नाहीत? महाविद्यालयाकडे पालकांनी काय मागावे, कसे मागावे

जून-जुलै आला की आपल्या वस्त्यांतले पालक कार्यकर्त्यांना घेऊन महाविद्यालयात जातात. तुर्भे, घणसोली, कामोठे, कुठूनही. खिडकीवर ठरलेले दोन संवाद होतात. पालक विचारतात, "मुलीचा निकाल काय लागला?" उत्तर येते, "विद्यार्थिनीला पाठवा." पालक पुन्हा विचारतात, "मग फी किती बाकी आहे?" त्यावर मात्र आकडा लगेच सांगितला जातो, तोही मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. निकाल दडवायचा आणि थकबाकी ओरडून सांगायची, हा उलटा कारभार आम्ही अनेकदा पाहिला आहे. यात कायद्याने काय बरोबर आणि काय चूक, हे नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट वयाची. अकरावी-बारावीचा विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर आई-वडील हेच त्याचे कायदेशीर पालक. गुण, हजेरी, फी सगळे त्यांना विचारता येते. पण मुलगी १८ वर्षांची झाली की तिचे गुणपत्रक तिचे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्येही हीच रेषा आहे: १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, तिच्या माहितीसाठी पालकांची संमती, त्यापुढे संमती स्वतः त्या व्यक्तीची. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणून खिडकीवरचा लिपिक या कायद्याचे नाव घेऊन हात झटकत असेल, तर तो पूर्ण खरे बोलत नाही. पण "विद्यार्थिनीला पाठवा" एवढे म्हणत असेल, तर तो चुकत नाही.

अमेरिकेत यासाठी १९७४ पासून स्वतंत्र कायदा आहे. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात गेला की नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. मात्र तो करासाठी पालकांवर अवलंबून असेल तर महाविद्यालय पालकांना माहिती देऊ शकते. आपल्याकडे केवळ विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी असा कायदा नाही. त्यामुळे प्रवेश अर्जावर आपण कशावर सही केली, याला फार महत्त्व येते. अनेक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी पालक आणि विद्यार्थी दोघांकडून हमीपत्र घेतात: हजेरी कमी पडल्यास पालकांना कळवू, बोलावू. ते हमीपत्र विद्यार्थिनीने वाचून सही केले असेल, तर हजेरीबद्दल तिची संमती आधीच दिलेली आहे. त्याची प्रत घरी ठेवा. पुढे कोणाला काय सांगायचे हा वाद झाला की तोच कागद कामी येतो.

पालक इथे म्हणतात, "अहो, पैसे आम्ही भरतो." रास्त आहे. पैसे भरल्याने भरलेल्या पैशांचा हिशेब मागण्याचा हक्क मिळतो: पावती, कोणत्या शीर्षाखाली किती घेतले, परतावा कधी. त्याने मुलीच्या गुणांवर हक्क येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की खिडकीवरचे निम्मे भांडण संपते.

शिवाय कितीतरी माहिती कोणाच्याही संमतीविना मागता येते, कारण ती कोणा एकाची नसतेच. विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी राज्यात २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि संस्थानिहाय आकडे जाहीर करते. आपल्या महाविद्यालयाला मंजूर झालेला आकडा आणि हातातली पावती शेजारी ठेवा. पावतीवर मंजूर शुल्कापेक्षा वेगळे शीर्ष दिसले तर त्याचा आधार लेखी विचारा. परीक्षा आणि एटीकेटीचे नियम, हजेरीची अट, परताव्याचे नियम, तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावे हे सगळे विचारायला मुलीची सही लागत नाही.

आता एक नमुन्यादाखल प्रकरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत असे केले आहेत.

वीस वर्षांची मुलगी, अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष, प्रवेश शासकीय केंद्रीभूत फेरीतून. हे महत्त्वाचे, कारण संस्थास्तरीय कोट्यातून प्रवेश घेतला असता तर शिष्यवृत्तीच मिळाली नसती, आणि हे बऱ्याच घरांत दुसऱ्या वर्षी कळते. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, म्हणून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. मंजूर फी ९०,००० रुपये. महाविद्यालय म्हणते, ५४,००० बाकी. आई म्हणते, "सरकार भरते ना?" मुलगी म्हणते, "मला काहीच आले नाही." घरात संशय सुरू होतो.

इथे आकडाच बोलत होता. या योजनेत केंद्राचा हिस्सा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातो आणि त्यातली फी विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. ९०,००० चे ६० टक्के म्हणजे नेमके ५४,०००. म्हणजे महाविद्यालयाच्या लेखी केंद्राचा हिस्सा मुलीकडे पोहोचलेला होता. तो गेला कुठे? मुलीने पोर्टलवरची स्थिती आणि आधारला कोणती बँक जोडलेली आहे हे तपासले. आठवीत शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेले जुने खाते आधारला जोडलेले निघाले. त्या खात्याचा मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला होता, म्हणून संदेश कोणाला आलाच नाही. पैसे त्यातच पडून होते. कोणी खाल्ले नव्हते, मुलीने लपवलेही नव्हते.

हे उलगडले ते मुलीने स्वतःच्या लॉगिनवरून पाहिले म्हणून. आईने खिडकीवर कितीही आवाज चढवला असता तरी तिचे बँक खाते कोणी उघडून दाखवले नसते, आणि दाखवूही नये. पण महाविद्यालयानेही "आम्हाला काही माहीत नाही" म्हणू नये. महाडीबीटीवरचा अर्ज आधी संस्थेच्याच लॉगिनमध्ये तपासला जातो, मग समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जातो. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, हे संस्थेला दिसते.

मुलगी कामावर असते, परगावी असते, तेव्हा पालकांनीच जायचे तर सोपा उपाय आहे: तिच्या सहीचे संमतीपत्र. पासवर्ड आणि ओटीपी सायबर कॅफेवाल्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या हाती देण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. पत्रात तिचे नाव, पीआरएन क्रमांक, वर्ग, कोणाला अधिकार दिला त्याचे नाव आणि नाते, नेमके कोणते कागद पाहायचे आणि ही परवानगी कोणत्या तारखेपर्यंत, एवढे हवे. सोबत ओळखपत्राच्या प्रती. "माझी सर्व माहिती द्यावी" असे मोघम लिहू नका. "तिसऱ्या सत्राचे गुणपत्रक आणि या वर्षाचा फी खातेउतारा" असे लिहा. आवक क्रमांकासह पोच घ्या.

माहिती अधिकारातही हाच फरक लागतो. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले. वडिलांनी सज्ञान मुलीचे गुण मागितले तर अर्ज वैयक्तिक माहिती म्हणून फेटाळला जाऊ शकतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कलमातला बदल लागू झाल्याने नकार देणे आणखी सोपे झाले आहे. काही जण इथे मुंबई उच्च न्यायालयाचा ओंकार कळमणकर निकाल पुढे करतात. नोव्हेंबर २०२४ च्या त्या निकालात इतर उमेदवारांचे गुण देण्यास न्यायालयाने सांगितले होते खरे, पण ती पुणे जिल्हा न्यायालयातली लिपिक भरती होती. सरकारी पदाची निवड आणि घरच्या मुलीचे सत्राचे गुण यांची बरोबरी होत नाही. म्हणून गुणांबाबतचा अर्ज मुलीच्याच नावाने करा.

खासगी विनाअनुदानित महाविद्यालय माहिती अधिकाराखाली येतच नाही असे म्हणाले, तर विद्यापीठ, शुल्क नियामक प्राधिकरण किंवा समाज कल्याण कार्यालयाकडे अर्ज करा. महाविद्यालय कोणत्या जिल्ह्यात आहे हे आधी पाहा: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाण्यात, खारघर, पनवेल रायगडमध्ये. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज फिरत राहतो. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनातच आहे.

तक्रार करायची तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील असावा लागतो. शिष्यवृत्तीतला उशीर, कागदपत्रे अडवणे, जादा फी हे सगळे तिच्यापुढे नेता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील. तक्रारदार विद्यार्थी असतो. पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी मसुद्याला मदत करावी, सही तिची घ्यावी.

आणि जे कोणीच पाहू नये, त्याबद्दल. काही वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर "एससी फ्रीशिप थकबाकीदार" अशी नावांची यादी टाकली जाते. फी बाकी आहे हे सांगायला जात लिहायची गरज नाही. वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करणे आणि त्यांच्यावर राखीव प्रवर्गाचा शिक्का मारणे हे यूजीसीच्या २०१२ च्या समता विनियमांत भेदभाव म्हणून नोंदलेले आहे. अशी यादी दिसली तर गटावर वाद घालत बसू नका. तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, इतरांची नावे झाकून त्याची प्रत अर्जाला जोडा, मूळ स्वतःकडे ठेवा आणि प्राचार्यांना लेखी विचारा: ही यादी कोणी, कोणत्या अधिकारात दिली?

एक अवघड गोष्ट आपल्याच माणसांशी बोलायला हवी. कधी वडील वेगळे राहतात, कधी घरात लग्नाचा दबाव असतो, आणि "निकाल दाखवा" मागे शिक्षण बंद करण्याचे कारण शोधणे असते. अशा वेळी मुलगी संमती देत नसेल तर कार्यकर्त्याने ओळखीच्या लिपिकाकडून गुण काढून आणू नयेत. एटीकेटी लागली म्हणून कॉलेज सुटलेल्या मुली आपल्या वस्त्यांत आहेत, आणि एटीकेटी म्हणजे नापास होऊन घरी बसणे नव्हे, तर पुढच्या वर्गात राहून राहिलेला विषय पुन्हा देणे, हे त्या वडिलांना बसून समजावणे हे आपले काम आहे.