शिक्का कशाची साक्ष देतो?

रविवारच्या बाजारात मेथीची जुडी 20 रुपयांना मिळते. चार पावलांवर पांढरी चादर अंथरलेल्या मांडवात तीच मेथी 45 रुपयांना असते, कारण वर पाटी आहे : ‘सेंद्रिय’. किराणा दुकानात तूरडाळीचंही तेच. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पुड्यांच्या किमतीत किलोमागे 80-90 रुपयांचा फरक सहज दिसतो. काही जण डोळे मिटून जास्त पैसे देतात, काही जण ‘सगळी फसवाफसवी’ म्हणून पुढे जातात. दोघांनीही पुडीची मागची बाजू वाचलेली नसते. या जास्तीच्या पैशांबद्दल आणि शिक्क्याबद्दल जे पाच समज पक्के बसले आहेत, ते एकेक करून पाहू.

गैरसमज 1 : सेंद्रिय म्हणजे शेतात काहीच फवारलेलं नाही.

वस्तुस्थिती : सेंद्रिय शेतीतही फवारणी होते, फक्त औषधांची यादी वेगळी असते. निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क, ट्रायकोडर्मासारख्या मित्रबुरशी आणि गंधक यांना त्यात जागा आहे. मोरचूद आणि चुना मिसळून केलेलं बोर्डो मिश्रणही मर्यादा घालून चालतं. द्राक्षाच्या बागेत ते जुन्या काळापासून वापरात आहे आणि त्यातलं तांबं जमिनीत साठत जातं, म्हणूनच मर्यादा. बंदी आहे ती कृत्रिम कीटकनाशकांवर, तणनाशकांवर, युरिया-डीएपीसारख्या रासायनिक खतांवर आणि जनुकीय बदल केलेल्या बियाण्यावर.

म्हणजे ‘औषध मारलं नाही’ आणि ‘सेंद्रिय आहे’ ही दोन वेगळी विधानं झाली. एखाद्या शेतकऱ्याने मेथीवर औषध मारलेलं नसेल, पण आधीच्या कांद्याला युरिया आणि तणनाशक दिलं असेल, तर ती मेथी नियमाने सेंद्रिय ठरत नाही.

गैरसमज 2 : शिक्का आहे म्हणजे हा माल प्रयोगशाळेत तपासलेला आहे.

वस्तुस्थिती : शिक्का पिकवण्याच्या पद्धतीची साक्ष देतो, तुमच्या हातातल्या पुडीची नाही. हा फरक कळला की बाकीचं बरंच उलगडतं.

निर्यातीसाठी आणि मोठ्या बाजारासाठी एनपीओपी हा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून चालतो. त्याची सूत्रं ‘अपेडा’कडे आहेत. त्यात हंगामी पिकाच्या जमिनीला साधारण दोन वर्षांचा आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा रूपांतरण काळ काढावा लागतो. शेतकरी काय पेरलं, काय टाकलं, किती निघालं याची नोंदवही ठेवतो. प्रमाणन संस्थेचा निरीक्षक येऊन ती वही, खतांची बिलं, गोदाम आणि बांध पाहतो. बांध महत्त्वाचा, कारण शेजाऱ्याच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने येतात. दोन एकरांच्या शेतात मधे सुरक्षित पट्टा सोडायचा म्हणजे तेवढं पीक गमवायचं.

लहान शेतकरी बहुधा गटाने प्रमाणपत्र घेतात. गटाची स्वतःची माणसं प्रत्येक सभासदाचं शेत पाहतात आणि बाहेरचा निरीक्षक त्यातली काही शेतं निवडून पुन्हा तपासतो. वर्षानुवर्षं चाललेला हिशोब सभासदसंख्येच्या वर्गमुळाचा आहे. 400 शेतकरी असतील तर किमान 20 शेतं बघायची, आणि जोखीम जास्त वाटली तर आणखी. उरलेल्या 380 शेतांचा भरवसा गटाच्या आतल्या शिस्तीवर असतो. नमुने प्रयोगशाळेत जातात तेही जोखीम पाहून, प्रत्येक पोतं नव्हे.

ही साखळी कुठे तुटू शकते ते तिळाने दाखवलं. 2020 मध्ये युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि त्यात सेंद्रिय म्हणून गेलेला मालही होता. हा धुरी देण्याचा वायू. तो काढणीनंतर जंतू मारायला वापरला जातो, त्यामुळे शेतातली वही कितीही नीट असली तरी तो त्यात दिसत नाही. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेने भारताबरोबरचा सेंद्रिय मान्यतेचा करार संपवला आणि त्या वर्षाअखेर युरोपीय संघाने भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली.

मग नुसती प्रयोगशाळा पुरेल का? तीही नाही. 2010 मध्ये आपली द्राक्षं तपासून पाठवली होती, तरी युरोपात अडकली. कारण क्लोरमेक्वाट हे वाढ रोखणारं संजीवक आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. प्रयोगशाळा शोधायला सांगितलेलंच शोधते. म्हणून ‘रेसिड्यू-फ्री’ ही पाटी आणि ‘सेंद्रिय’ ही पाटी एक नव्हेत. पहिलीत रासायनिक औषध मारून, काढणीआधी ठरलेले दिवस थांबून, मालात अंश उरला नाही एवढंच म्हटलेलं असू शकतं.

गैरसमज 3 : शिक्का एकच असतो, आणि तो नसेल तर माल खोटा.

वस्तुस्थिती : पुडीवर तीन खुणा दिसू शकतात. ‘इंडिया ऑरगॅनिक’ ही एनपीओपीची, म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासलेल्या मालाची. ‘पीजीएस-इंडिया’ ही कृषी मंत्रालयाच्या पद्धतीची. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं पाहतो आणि एकमेकांची हमी घेतो. इथे रंगाकडे नव्हे, शब्दाकडे बघायचं : ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे रूपांतरण अजून चालू आहे, ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे ते पूर्ण झालं. दोन्हींना सारखाच दर देणारे ग्राहक पुष्कळ दिसतात. तिसरी खूण ‘जैविक भारत’. ती अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, 2018 पासून लागू झालेल्या नियमांची. ती नवी तपासणी नाही. वरच्या दोनपैकी एका पद्धतीने माल आला आहे, एवढं ती सांगते.

नियमाने एक वाटही मोकळी ठेवली आहे. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेला लहान उत्पादक किंवा त्यांची संस्था थेट ग्राहकाला विकत असेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र ‘जैविक भारत’ची खूण त्याला वापरता येत नाही. त्यामुळे रविवारच्या मांडवातल्या मावशींकडे शिक्का नसणं गैर नाही. त्या स्वतः पिकवतात की पहाटे मार्केट यार्डातून जुड्या उचलतात, हा खरा प्रश्न. माल दुसऱ्याचा असेल तर ही सूट लागू होत नाही.

‘विषमुक्त’, ‘नॅचरल’, ‘केमिकल फ्री’, ‘गावरान’ हे शब्द मात्र यातल्या कुठल्याच पद्धतीचे नाहीत. त्यांच्यामागे वही नसते आणि निरीक्षकही नसतो.

गैरसमज 4 : जास्तीचे पैसे म्हणजे शेतकऱ्याचा नफा (किंवा प्रमाणपत्राचा खर्च).

वस्तुस्थिती : एक हिशोब मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. साधी तूरडाळ 140 रुपये किलो, सेंद्रिय 230. फरक 90 रुपये.

दोन एकरांत साध्या पद्धतीने 12 क्विंटल तूर निघते आणि 7,500 रुपये क्विंटलने विकली जाते, असं धरू. हातात 90,000 येतात. सेंद्रियमध्ये उतारा 10 क्विंटलवर आला, तर तेवढेच पैसे मिळायला दर 9,000 लागतो. 10 क्विंटल तुरीची साधारण 700 किलो डाळ होते, म्हणजे हा फरक डाळीच्या किलोमागे 21 रुपये पडला. खुरपणीची मजुरी वाढते आणि खत-औषधाचा खर्च वाचतो. त्यांची वजाबाकी करून 7,000 रुपये जास्त लागले, तर किलोमागे आणखी 10.

प्रमाणपत्राचा खर्च मात्र गटावर अवलंबून आहे. एकट्याने वर्षाला 30,000 भरले तर किलोमागे जवळजवळ 43 रुपये, म्हणजे धंदाच बसला. शंभर जणांच्या गटाने दीड लाख भरले तर माणशी 1,500, किलोमागे जेमतेम 2 रुपये. लहान शेतकरी गट का धरतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

एकूण 33 रुपये शेतावर खर्ची पडले. उरलेल्या 57 रुपयांत वेगळ्या गिरणीत डाळ भरडणं, पॅकिंग, छोट्या खेपांची वाहतूक, पडून राहिलेला माल आणि मधल्या सगळ्यांचा नफा येतो. यात लबाडी असेलच असं नाही. पण ‘शेतकऱ्याला मदत’ म्हणून 90 रुपये देणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की या हिशोबात ते 33 रुपये नफा नसून भरपाई आहे. शिवाय रूपांतरणाच्या दोन वर्षांत उतारा घटतो, तेव्हा त्याला पूर्ण सेंद्रिय दरही मिळत नाही.

गैरसमज 5 : सेंद्रिय भाजी जास्त पौष्टिक, साधी भाजी म्हणजे विष.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकांना आधार कमी आहे. 2012 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही, पण कीटकनाशकांचे अंश त्यात कमी वेळा सापडले. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातून निघालेल्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. अंश कमी, हे मात्र दोघांनीही सांगितलं. लक्षात घ्या, ‘कमी’ सांगितलं, ‘शून्य’ नाही. पाट, विहीर, वारा, सामायिक गोदाम यांतून थोडं येतंच.

साध्या मालाचं चित्रही पाहू. कृषी मंत्रालयाच्या 2014-15 च्या देशव्यापी तपासणीत 20,618 नमुन्यांपैकी सुमारे 18.7 टक्क्यांत अंश सापडले आणि 2.6 टक्क्यांत ते ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. म्हणजे बहुतेक नमुने मर्यादेत होते, पण मर्यादा ओलांडणारेही होते. धुऊन वरचा थर जातो. झाडाच्या रसात भिनणारं आंतरप्रवाही औषध धुऊन जात नाही.

आता मेथी आणि तूरडाळ पुन्हा समोर ठेवा. डाळीची पुडी बंद असते. तिच्यावर प्रमाणन संस्थेचं नाव आणि मान्यता क्रमांक किंवा पीजीएस गटाचा क्रमांक, 14 अंकी अन्न परवाना आणि बॅच छापता येते. यातलं काही गाळलेलं असेल, तर दुकानदाराला विचारायला जागा आहे. मेथीची जुडी सुटी असते. शेतातून टेंपो, टेंपोतून टोपली, टोपलीतून पिशवी या प्रवासात प्रमाणपत्र कुठेतरी मागेच राहतं. टोपलीमागे भिंतीवर लावलेली प्रमाणपत्राची झेरॉक्स त्या जुडीबद्दल काही सांगत नाही. तिच्यावरची तारीख, पिकांची यादी आणि क्षेत्र वाचलं तर कधीकधी उलटंच कळतं : अर्धा एकर मेथी, आणि मांडव मात्र बारा महिने हिरवागार.

म्हणून डाळ-तांदळाचे जास्तीचे पैसे शिक्का वाचून द्यावेत, आणि पालेभाजीचे माणूस ओळखून. ऐन मे महिन्यात मेथी कुठून आली, पाणी कुठलं, अळी पडल्यावर काय मारलं, हे विचारा. जी स्वतः पिकवते ती मावशी ‘काहीच नाही मारलं’ म्हणून थांबत नाही. निंबोळी कधी मारली, किती जुड्या अळीने खाल्ल्या आणि या आठवड्यात माल कमी का आहे, हे ती न विचारताही सांगते.