गॅप नोकरीतला की मांडणीतला?

आजकाल अनेक उमेदवार बायोडेटाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतात. संगणकाच्या लेखी तो फोटो म्हणजे नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. फोटो स्वच्छ असेल तर छापील अक्षरं सहसा नीट ओळखली जातात. घोळ होतो तो मांडणीमुळे.

एका अकाउंटंटचा काल्पनिक बायोडेटा घेऊ. कागदावर दोन रकाने आहेत. डावीकडे टॅली, जीएसटी, एक्सेल ही कौशल्यं आणि उजवीकडे नोकऱ्या. ओसीआर रकाना न ओळखता सरळ आडवं वाचत गेलं, तर ‘टॅली जून 2016 ते मार्च 2016’ अशी ओळ हाती येते. इथे दोन चुका आहेत. तारखा टॅलीच्या नाहीत, शेजारच्या रकान्यातल्या नोकरीच्या आहेत. शिवाय जूनमध्ये लागलेली नोकरी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये संपणार कशी? मूळ आकडा 2019 होता; कागदावर सावली पडल्याने 9 चा 6 झाला. ही चूक निदान उघडी पडते. 2019 चं 2018 झालं असतं तर कुणाला शंकाही आली नसती. म्हणून प्रत्येक तारीख फोटोशी पुन्हा ताडून पाहायची.

आता गॅप. पुढची नोकरी एप्रिल 2021 पासून आहे, म्हणजे मध्ये तब्बल 24 महिने रिकामे दिसतात. पण कागदाच्या तळाशी ‘इतर माहिती’मध्ये बारीक अक्षरांत लिहिलंय : जुलै 2019 ते डिसेंबर 2020, घरून जीएसटी रिटर्न भरण्याची कामं. सगळी कामं तारखेनुसार एका ओळीत लावली की मधले 18 महिने भरतात. उरतात ते आधीचे तीन आणि नंतरचे तीन महिने.

नुसती वर्षं लिहिली असती तर हिशेबच लागला नसता. एक नोकरी 2019 मध्ये सुटली आणि दुसरी 2020 मध्ये लागली, एवढंच कळलं तर मधला काळ शून्य महिन्यांचा असू शकतो, तसाच 22 महिन्यांचाही. अशा वेळी अंदाज बांधू नये, उमेदवाराला महिना विचारावा.

यातूनच सुधारणा सुचतात. रकाना एकच ठेवायचा. प्रत्येक कामापुढे महिना आणि वर्ष लिहायचं आणि ताजं काम वर घ्यायचं. घरून केलेली कामं ‘अनुभव’ या मथळ्याखाली आणायची. ‘टॅली’ एवढंच न लिहिता कोणत्या नोकरीत टॅलीवर काय केलं, ते त्या नोकरीखाली सांगायचं. खरोखर रिकामा गेलेला काळ मोठा असेल तर त्याचं कारण एका ओळीत द्यावं. तारखा ताणून तो झाकायला जाऊ नये, कारण पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीख असते आणि पडताळणीत ती पाहिली जाऊ शकते.