त्रिकोणमिती सावकाश – लेखांक ६
पवनचक्कीच्या पाठीमागे उभे राहून

मागच्या आठवड्यापर्यंत आपण काटकोन त्रिकोणातच फिरत होतो. समोरची बाजू, लगतची बाजू, कर्ण यांची गुणोत्तरे घेतली आणि कोन नेहमी ९० अंशांच्या आत ठेवला. मग १५० अंशांचा साईन काढायचा तर काय करायचे? असा कोन काटकोन त्रिकोणात मावतच नाही. त्यासाठी त्रिकोण सोडून वर्तुळाकडे यावे लागते आणि ते वर्तुळ आपल्या जिल्ह्यात उघड्यावर फिरताना दिसते. सुप्याहून पारनेरच्या बाजूला गेले की कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तीन पाती, मध्ये आस. आपल्याला एवढेच पुरे आहे.

आधी उभे कुठे राहायचे ते ठरवू, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. वाऱ्याकडून, म्हणजे समोरून पाहिले तर या चक्क्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. गणितात मात्र काट्यांच्या उलट दिशेने मोजलेला कोन धन मानतात. म्हणून आपण चक्कीच्या पाठीमागे जाऊ. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, चक्कीचे तोंड तिकडे असते, तेव्हा आपण तिच्या पूर्वेला थांबायचे. इथून पाती उलट्या दिशेने, म्हणजे पुस्तकातल्या आकृतीसारखी फिरताना दिसतील.

आता आसाच्या मध्यातून एक आडवी आणि एक उभी रेषा मनात आखा. हे आपले अक्ष. पात्याची लांबी कितीही मीटर असो, तिला १ म्हणा. पात्याचे टोक जे वर्तुळ काढते तेच एकक वर्तुळ. उजव्या हाताच्या आडव्या रेषेपासून वर फिरत पाते जितके अंश आले तो कोन θ. त्या क्षणी टोक आसाच्या किती उजवीकडे किंवा डावीकडे आहे, ते अंतर म्हणजे cos θ. किती वर किंवा खाली आहे, ते sin θ. उजवीकडे आणि वर म्हणजे धन, डावीकडे आणि खाली म्हणजे ऋण. पात्याची लांबी १ धरली त्याचा फायदा हाच, की भागाकार न करता किंमत थेट आकृतीवरून वाचता येते.

तिन्ही पात्यांमध्ये १२०–१२० अंशांचे अंतर असते. समजा एका क्षणी ती ३०, १५० आणि २७० अंशांवर आहेत. पहिले पाते उजवीकडे वर, म्हणजे पहिल्या चरणात. त्याच्या टोकापासून आडव्या अक्षावर लंब टाकला की मागच्या आठवड्याचाच ३०–६०–९० त्रिकोण मिळतो: sin 30° = 1/2, cos 30° = √3/2, म्हणजे सुमारे ०.८७. दुसरे पाते डावीकडे वर. डावीकडच्या आडव्या रेषेपासून ते ३० अंशच वर आहे, म्हणून त्रिकोण तोच, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटा. उंची तीच, sin 150° = 1/2. टोक डावीकडे असल्याने cos 150° = −√3/2. तिसरे पाते सरळ खाली, sin 270° = −1 आणि cos 270° = 0.

तिन्ही साईनची बेरीज करून पाहा: अर्धा अधिक अर्धा वजा एक, म्हणजे शून्य. कोसाईनचीही शून्यच येते. हा त्या एका क्षणाचा योगायोग नाही. पाती ५०, १७० आणि २९० अंशांवर गेली तर साईन सुमारे ०.७६६, ०.१७४ आणि −०.९४० येतात, बेरीज पुन्हा शून्य. तीन सारख्या पात्यांचा गुरुत्वमध्य आसावरच राहतो, त्याचे हे गणिती रूप. चिन्हे चुकली तर ही बेरीज लगेच फसते, म्हणून पडताळ्याला ती बरी.

मीटरमध्ये हवे असेल तर फक्त गुणायचे. हिशेबापुरते आस जमिनीपासून ५० मीटरवर आणि पाते २५ मीटरचे धरू. १५० अंशांवरच्या टोकाची उंची ५० + २५ × ०.५ = ६२.५ मीटर. २७० अंशांवरच्या टोकाची ५० − २५ = २५ मीटर.

आता टॅन्जंट. sin θ ला cos θ ने भागा, हे सगळ्यांना पाठ असते, पण आकृतीत तो कुठे दिसतो हे क्वचितच सांगितले जाते. वर्तुळाच्या उजव्या टोकाला, जिथे कोन शून्य असतो तिथे, वर्तुळाला टेकलेली एक उभी तार ताणली आहे असे समजा. पाते सरळ वाढवले की ते तारेला जिथे भेटेल, त्या ठिकाणाची आडव्या अक्षापासूनची उंची म्हणजे tan θ. ३० अंशांचे पाते तारेला सुमारे ०.५८ उंचीवर गाठते. १५० अंशांचे पाते डावीकडे आहे, पुढे वाढवून ते तारेला कधीच भेटणार नाही. म्हणून ते आसाच्या मागे वाढवायचे. मागे वाढवले की ते उजवीकडे खाली उतरते आणि तारेला −०.५८ वर भेटते. तिसऱ्या चरणातले, समजा २१० अंशांचे पाते डावीकडे खाली असते. ते मागे वाढवले की उजवीकडे वर जाते, टॅन पुन्हा धन. चौथ्या चरणातले पाते पुढेच वाढते आणि तारेला खाली भेटते, टॅन ऋण.

पहिल्या चरणात सगळी धन, दुसऱ्यात फक्त साईन, तिसऱ्यात फक्त टॅन, चौथ्यात फक्त कॉस, ही यादी क्लासमध्ये घोकून घेतात. घोकायला हरकत नाही, पण परीक्षेत क्रम विसरला की हातात काहीच उरत नाही. टोक कुठे आहे आणि तार कुठे भेटते, एवढे पाहिले तरी यादी आपोआप तयार होते.

२७० अंशांचे पाते तारेला समांतर आहे, पुढे वाढवा की मागे, भेट नाही. म्हणून tan 270° ला किंमतच नाही. ९० अंशांचेही तसेच. ८९ अंशांवर टॅन ५७.२९ असतो, ९१ अंशांवर −५७.२९. दोन अंशांत भेटीची जागा तारेच्या वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे गेली.

चुका कुठे होतात? एक तर कोन उभ्या रेषेपासून मोजला जातो. १२० अंशांचे पाते उभ्या रेषेपासून ३० अंश झुकलेले दिसते आणि मुले sin 120° = 1/2 लिहून मोकळी होतात. पण १२० अंशांचे टोक १५० अंशांच्या टोकाहून उघडच वर आहे, मग साईन तोच कसा? आडव्या रेषेपासून मोजा, ६० अंश येतात आणि उत्तर √3/2. दुसरी चूक कॅल्क्युलेटरची. तो रेडियनवर राहिला असेल तर `sin 150` दाबल्यावर सुमारे −०.७१५ दाखवतो. टोक आसाच्या वर असताना साईन ऋण येऊ शकत नाही, एवढ्यावरून कॅल्क्युलेटरची मांडणी बदलायला हवी हे कळते.

तिसरी अडचण मात्र वर्तुळातच आहे. २१० आणि ३० अंशांची पाती एकाच सरळ रेषेत येतात, म्हणून तारेला एकाच जागी भेटतात. टॅन दिला असेल तर त्यावरून पाते कोणते हे सांगता येत नाही. `tan⁻¹` दाबले की कॅल्क्युलेटर −९० ते ९० मधलाच कोन देतो, म्हणजे नेहमी उजवीकडचे पाते. टोक डावीकडे असेल तर त्यात १८० आपण मिळवायचे. एका टोकाचे आडवे अंतर −०.६ आणि उभे अंतर −०.८ आहे, तर कोन किती? कॅल्क्युलेटर ५३.१३ सांगेल. बाकीच्या दोन पात्यांचे कोन आणि साईनही काढून ठेवा, पुढच्या लेखाची सुरुवात त्यावरूनच करू.