बुफे बंद म्हणजे नेमके काय बंद? भोजनगृहातल्या पाटीची भाषा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या भोजनगृहात आम्ही पाटी लावली होती: ‘बुफे रात्री ९.३० वाजता बंद होईल. कृपया सहकार्य करावे.’ नऊ पंचवीसला एक आजी-आजोबा रांगेत उभे राहिले. पुढे वीसेक माणसे होती. ते टेबलापाशी पोहोचले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि वाढपी मुले पाटीप्रमाणे पातेली उचलायला लागली होती. मुलांचे बरोबर होते, आजी-आजोबांचेही बरोबर होते. चुकली होती ती आमची पाटी.

‘बंद’ या शब्दाचे तिथे तीन अर्थ होतात. रांगेत उभे राहण्याची वेळ संपली, वाढप थांबले, किंवा भोजनगृहाला कुलूप लागले. पाहुणा बहुधा पहिला अर्थ घेतो, आचारी दुसरा आणि हॉलचा रखवालदार तिसरा. म्हणून पाटीवर पाहुण्याने करायची कृती लिहावी. यंदा आम्ही असे लिहिले:

‘कृपया रात्री ९.३० पर्यंत ताट घ्यावे. ताट घेतलेल्यांना १० पर्यंत वाढप सुरू राहील.’

‘सहकार्य करावे’ काढून टाकले, कारण त्यातून काय करायचे ते कळतच नाही. ‘शक्यतो’ हा शब्दही नको. तो नम्र वाटतो, पण वाचणारा तो आपल्याला लागू नाही असे समजतो. आणि ‘९.३० नंतर जेवण मिळणार नाही’ हे वाक्य खरे असले तरी यजमानाच्या तोंडी शोभत नाही. तीच मर्यादा ‘पर्यंत’ने तेवढ्याच स्पष्टपणे सांगता येते. नम्रपणा ‘कृपया’ आणि ‘घ्यावे’ एवढ्यात पुरतो. ‘सर्व मान्यवरांना नम्र विनंती करण्यात येते की’ असे सुरू केले, तर वेळ दुसऱ्या ओळीत जाते आणि हातात मूल घेऊन आलेली बाई पहिल्या ओळीवरच पुढे निघते. वेळ सर्वांत मोठ्या अक्षरात हवी. पाहुण्यांत अमराठी मंडळी असतील तर वेळ इंग्रजी आकड्यांत लिहावी आणि खाली एक ओळ त्यांच्या भाषेत द्यावी.

ऑर्डरप्रमाणे करायच्या पदार्थाची गोष्ट वेगळी. आमच्याकडे थालीपिठाच्या टेबलावर दोन तवे असतात. एक थालीपीठ दोन्ही बाजूंनी नीट भाजायला सहा-सात मिनिटे लागतात. शेवटच्या घटकेला दहा ऑर्डरी आल्या, तर दोन तव्यांवर पाच फेऱ्या होतात, म्हणजे तीस-पस्तीस मिनिटे. दहाला वाढप संपवायचे असेल तर ऑर्डर सव्वानऊलाच थांबवावी लागते. तेव्हा या टेबलाला वेगळी पाटी हवी, आणि ती तव्याशेजारी नव्हे, रांगेच्या तोंडाशी:

‘थालीपिठाची ऑर्डर रात्री ९.१५ पर्यंत द्यावी. दिलेली ऑर्डर नक्की मिळेल.’

दुसऱ्या वाक्यामुळे घाई आणि कुरकुर दोन्ही कमी होतात, पण ते पाळता येणार असेल तरच लिहावे. पीठ संपत आले असेल तर पाटी वेळेआधीच उतरवून ‘थालीपीठ संपले, बुफे सुरू आहे’ अशी लावावी. ‘शेवटची ऑर्डर ९.१५ वाजता’ असेही लिहितात, पण तो मजकूर वाचून काही जण नेमके सव्वानऊलाच येतात.

माइकवरून मात्र पाटी वाचून दाखवू नये. ऐकणाऱ्याचे पहिले दोन-तीन शब्द गोंगाटात जातात, म्हणून आधी हाक मारावी, मग वेळ सांगावी, आणि शेवटी तीच वेळ पुन्हा:

‘मंडळी, जेवणाचे ताट साडेनऊपर्यंत घ्यायचे आहे. ज्यांचे जेवण राहिले आहे त्यांनी आता खाली यावे. ताट साडेनऊपर्यंत.’

आमच्या मुलांना ‘पावणेदहा’ चटकन उमगत नाही, ‘पंचेचाळीस’लाही ती अडखळतात. म्हणून माइकवरून सांगायच्या वेळा शक्यतो पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठेवलेल्या बऱ्या. थालीपिठाचे सव्वानऊ याला अपवाद, ते माइकवर ‘नऊ पंधरा’ म्हणून सांगतो. घोषणा दोनदा पुरते: वेळेच्या अर्धा तास आधी आणि दहा मिनिटे आधी. नाटक रंगात आले असेल तर मध्येच तोडू नये. अंक पडेपर्यंत थांबावे, आणि अंकच लांबला तर ताटाची वेळ पुढे ढकलून पाटीवरचा आकडा बदलावा.

बरोबर साडेनऊला आमचा एक कार्यकर्ता रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. त्याच्या पुढच्या सर्वांना जेवण मिळते. त्यानंतर कोणी आलेच, तर तो एवढेच म्हणतो, ‘काका, ताटे घेऊन झाली. ताक आणि प्रसादाचा शिरा बाहेरच्या टेबलावर आहे, या.’