तोंडात ट्रे, घशात उमासा

कवळीसाठी वरच्या जबड्याचं माप घ्यायचं असतं. डॉक्टर गार, लिबलिबीत अल्जिनेट भरलेला ट्रे तोंडात बसवतात आणि क्षणात पेशंटचे डोळे पाण्याने भरतात, खांदे उडतात, हात आपोआप डॉक्टरांच्या मनगटाकडे जातो. मग ट्रे बाहेर, माप फाटलेलं आणि पेशंट ओशाळलेला. खरं तर यात ओशाळण्यासारखं काही नाही. मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ किंवा घशाची मागची भिंत यांना काही लागलं, की मेंदूच्या तळाकडचं केंद्र घसा आवळायचा हुकूम सोडतं. नको ती वस्तू श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून शरीराने ठेवलेला हा पहारा आहे. काहींचा पहारेकरी जरा जास्तच तत्पर असतो, एवढंच.

पण सगळ्यांचे उमासे एकाच कारणाने येत नाहीत. एखाद्याला टाळूच्या मागे आरसा टेकल्यावरच उबळ येते, तर एखाद्याला नुसता ट्रे दिसला किंवा मसाल्याचा वास आला तरी पुरतं. बऱ्याच जणांत दोन्ही असतं. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी बोटाने किंवा आरशाने पुढून मागे हलकेच चाचपून पाहतात: उबळ कुठे सुरू होते आणि स्पर्शाच्या आधीच होते का?

समजा, साठीतले एक गृहस्थ आहेत. वरचे सगळे दात गेलेले, आणि पहिल्यांदा माप घेताना उलटी झालेली. त्यांना दुसऱ्यांदा बोलावताना आधी भरपेट जेवून येऊ नका, असं सांगावं. त्याआधी आठवडाभर घरी मऊ ब्रशने जीभ घासायची सवय लावावी. उमासा येईल त्याच्या किंचित अलीकडे ब्रश थांबवायचा, हळू श्वास घ्यायचा आणि रोज थोडं मागे सरकायचं. नाक चोंदलं असेल तर भेट सरळ पुढे ढकलावी. ट्रे तोंडात असताना श्वास घ्यायला नाकच उरतं.

खुर्ची उताणी नको. पेशंट ताठ बसलेला, हनुवटी थोडी छातीकडे. ट्रे आधी रिकामाच बसवून पाहावा. तो फार मागे जात असेल तर लहान घ्यावा. साधं अल्जिनेट घट्ट व्हायला दोन ते साडेचार मिनिटं लागतात, लवकर जमणारं एक ते दोन मिनिटांत होतं. इथे दुसरंच घ्यावं, पाणी किंचित कोमट ठेवलं तर ते आणखी लवकर जमतं. मिश्रण घट्टसर असावं आणि ट्रेच्या मागच्या भागात कमी भरावं.

बसवतानाचा क्रम मात्र चुकवू नये. ट्रेची मागची कड आधी टेकवायची आणि मग पुढचा भाग दाबायचा. त्यामुळे जादा मसाला ओठाकडे येतो. उलट केलं तर तोच घशाकडे उतरतो, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

आता पेशंटने एक पाय खुर्चीवरून वीतभर उचलून धरायचा. दमला की दुसरा. पाय थरथरू लागला की लक्ष घशावरून पायाकडे जातं. ही युक्ती दिसायला गमतीची असली तरी दवाखान्यांत जुनी आहे. तोंडात लाळ साठली तर गिळायचा प्रयत्न करू नये, खाली धरलेल्या भांड्यात वाहू द्यावी. डॉक्टरांनी मोठ्याने सेकंद मोजावेत, म्हणजे शेवट कधी ते पेशंटला कळतं. हात वर केला की थांबायचं, हेही आधीच ठरलेलं असावं.

बधिर करणारा स्प्रे सर्रास मारणं मात्र बरं नाही. काहींना टाळू सुन्न झाल्यावर घशात काहीतरी सुजल्यासारखं वाटतं आणि उबळ वाढते. दवाखान्यात डिजिटल स्कॅनर असेल तर दात असलेल्यांचं माप मसाल्याशिवायही घेता येतं. पण त्याचं टोकही मागच्या दाढेपर्यंत जातंच.

एक्स-रेचं गणित वेगळं. इथे वेळ सेकंदापेक्षाही कमी लागतो, अडचण फिल्म किंवा जाड, कडक सेन्सर वरच्या दाढांमागे बसवण्याची. म्हणून यंत्राची नळी आधी दाढेकडे रोखून ठेवावी, सगळ्या सेटिंग करून घ्याव्यात आणि मगच सेन्सर आत न्यावा. सुरुवात पुढच्या दातांपासून करावी. सेन्सर टाळूवरून घासत मागे ढकलू नये. आडवा आत नेऊन जागेवर पोचल्यावर एकदाच वळवावा. पेशंटने नाकातून सावकाश श्वास घेत राहायचं.

तरीही जमलं नाही, तर तोंडाबाहेरून घेतला जाणारा ओपीजी आहे. अक्कलदाढ कुठे, कशी अडकली आहे ते त्यात छान दिसतं. पण दोन दातांमधली बारीक कीड किंवा मुळाच्या टोकाचा तपशील त्यात पुसट येतो. त्यामुळे रूट कॅनालच्या पेशंटला एखादा आतला एक्स-रे सोसावाच लागतो. मात्र मुळाची लांबी मोजायला अपेक्स लोकेटर वापरला तर मधले काही फोटो वाचतात. तसं यंत्र आहे का, हे पेशंटने आधीच फोनवर विचारून घ्यायला हरकत नाही.