भूक चांगली, तरी वजन उतरतंय? एकदा थायरॉईड तपासा

घरात कुणाचं वजन उतरायला लागलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "नीट खातोस ना?" उत्तर "नाही" आलं तर काळजी वाटते. पण उत्तर "हो, पहिल्यापेक्षा जास्तच खातोय" असं आलं, तर आपण निश्चिंत होतो. भूक लागतेय म्हणजे तब्येत ठीक आहे, असं आपण धरून चालतो. मग कुणी म्हणतं कामाचा ताण आहे, कुणी म्हणतं नजर लागली, कुणी जंताची गोळी आणून देतं.

खरं तर पोटभर खाऊनही वजन घटत असेल तर ते सरळ लक्षण नाही. त्यामागे मोजकीच कारणं असतात. त्यातलं एक म्हणजे थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करणं. आपल्याकडे थायरॉईड म्हटलं की वजन वाढणं, सुस्ती आणि सूज एवढंच डोळ्यांसमोर येतं. तो कमी थायरॉईडचा आजार. हा त्याच्या उलटा आहे, आणि उलटा असल्यामुळेच लवकर ओळखू येत नाही.

शरीराची आच मोठी होते

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी असते. ती टी-३ आणि टी-४ हे हार्मोन रक्तात सोडते. शरीरात अन्न किती वेगानं जाळायचं, हृदय किती वेगानं चालायचं, आतडी किती वेगानं हलायची, हे बरंचसं या हार्मोनवर अवलंबून असतं.

चुलीवरची आच मोठी केली की लाकूड लवकर संपतं आणि पुन्हा पुन्हा घालावं लागतं. इथं तसंच होतं. हार्मोन जास्त झाले की शरीर बसल्या जागीही जास्त इंधन जाळतं. जेवणातून आलेलं पुरत नाही, म्हणून भूक वाढते. तरीही जमाखर्च जुळत नाही, तेव्हा शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळायला घेतं. त्यामुळे वजन तर उतरतंच, शिवाय मांड्यांतली ताकदही जाते. जिना चढताना पाय भरून येतात, खाली बसलं की उठताना हाताचा टेकू घ्यावा लागतो.

बाकीची लक्षणंही याच धाग्यातली आहेत. छाती धडधडते, हात थरथरतात, इतरांना थंडी वाजत असताना यांना घाम फुटतो. दिवसातून दोन-तीनदा शौचाला जावं लागतं. झोप उडते, चिडचिड वाढते, केस गळतात. बायकांची पाळी कमी जाते किंवा पुढे ढकलली जाते. काहींचे डोळे मोठे, बाहेर आल्यासारखे दिसू लागतात.

एक उदाहरण

आमच्या शाळेतल्या एका मुलीची अम्मी, वय ३३. चार महिन्यांत वजन ५८ किलोवरून ५० वर आलं. रात्री तीन चपात्या खायच्या, त्या पाच झाल्या, तरी मध्यरात्री भूक लागून उठायच्या. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या अंगाला काही लागतच नाही." छातीत धडधड आणि घबराहट होती, म्हणून घरच्यांनी टेन्शनवर बोट ठेवलं. केस गळतात म्हणून दुकानातून केसांच्या गोळ्या आणून सुरू केल्या.

पहिल्या डॉक्टरांनी साखर तपासली. ते बरोबरच होतं, कारण मधुमेहातही भरपूर खाऊन वजन उतरतं. पण तिथं साखर लघवीवाटे वाहून जाते, म्हणून तहान फार लागते आणि सारखं लघवीला जावं लागतं. यांना तसं काही नव्हतं आणि साखरही नॉर्मल आली. छातीचा एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. टीबीमध्ये वजन घटतं, पण तिथं बहुतेक वेळा भूकच मरते, सोबत खोकला किंवा संध्याकाळचा ताप असतो.

मग डॉक्टरांनी त्यांना दहा मिनिटं शांत बसवून नाडी मोजली. मिनिटाला ११२. हात पुढे ताठ करायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला, तर कागद थरथरायला लागला. गळ्यावर थोडी सूजही हाताला लागली. तेव्हा थायरॉईडची रक्ततपासणी लिहून दिली.

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

इथंच बऱ्याच घरांत गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये टीएसएच नावाचा आकडा असतो. तो थायरॉईडचा हार्मोन नाही. मेंदूच्या खाली असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉईडला "काम कर" असा हुकूम पाठवते, तो हा टीएसएच. थायरॉईड कमी काम करत असेल तर हुकूम वाढतो. थायरॉईड आधीच जास्त बनवत असेल तर हुकूम जवळजवळ बंद होतो. म्हणजे टीएसएच कमी असेल तर थायरॉईड कमी झालाय, असं नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ उलटा असतो.

या बाईंचा टीएसएच ०.०१ आला. सामान्य हद्द साधारण ०.४ ते ४ धरतात. फ्री टी-४ आला ४.१, जिथं त्या लॅबची हद्द १.८ पर्यंत होती. टीएसएच तळाला आणि टी-४ वर, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. म्हणून नुसता टीएसएच करून थांबू नये. तो कमी आला तर फ्री टी-४ आणि टी-३ बघावाच लागतो. या तपासणीसाठी उपाशी राहायची गरज सहसा नसते.

केसांच्या गोळ्यांचा मुद्दा इथं येतो. त्यात बायोटिन असतं. जास्त डोसचं बायोटिन काही मशीनवरच्या तपासणीत घोळ घालतं. थायरॉईड बिलकुल ठीक असतानाही टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवू शकतं. डॉक्टरांनी विचारल्यावर बाईंनी गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी तीन दिवस गोळ्या बंद ठेवून तपासणी पुन्हा केली. आकडे तसेच आले, म्हणजे आजार खरा होता. तुम्हीही केसांच्या, नखांच्या किंवा वजन घटवायच्या गोळ्या, चूर्ण काही घेत असाल तर ते आधी सांगा.

आकडा कळला, कारण अजून बाकी

हार्मोन जास्त आहेत एवढं कळून भागत नाही. ते का वाढले, हे बघावं लागतं, कारण इलाज त्यावर ठरतो.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. आयर्लंडमधल्या डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून असे घटक बनवते, जे टीएसएचसारखेच थायरॉईडला कामाला लावतात. खरा हुकूम बंद असला तरी कारखाना चालूच राहतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा कितीतरी जास्त आढळतो. टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीच्या रक्ततपासणीनं तो ओळखता येतो.

दुसरं कारण म्हणजे थायरॉईडला सूज येऊन आत साठलेला हार्मोन बाहेर गळणं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात हे होऊ शकतं. इथं ग्रंथी जास्त बनवत नसते, साठा सांडत असतो. काही आठवड्यांत तो संपतो आणि नंतर काही काळ थायरॉईड कमीही होऊ शकतो. अशा बाईला हार्मोन बनणं थांबवणारी गोळी देऊन उपयोग नसतो. म्हणूनच शेजारणीचा रिपोर्ट आपल्यासारखा दिसला म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये.

तिसरं, ग्रंथीतली एखादी गाठ स्वतःच्या मर्जीनं हार्मोन बनवू लागते. ती स्कॅनमध्ये दिसते. आणि कमी थायरॉईडसाठी रोज गोळी घेणाऱ्यांचा डोस जास्त झाला तरी हीच लक्षणं येतात.

आपल्या उदाहरणातल्या बाईंची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. ग्रेव्हज ठरला. कार्बिमाझोल सुरू झाली, आणि धडधड आवरायला सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉल. दमा असलेल्यांना ही दुसरी गोळी त्रास देऊ शकते, म्हणून दमा असेल तर आधी सांगावं.

सहा आठवड्यांनी नाडी ८४ झाली, टी-४ हद्दीत आला, पण टीएसएच ०.०१ वरच. घरचे घाबरले, औषध लागूच पडत नाही म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की दबलेला टीएसएच वर यायला काही महिने लागतात. सुरुवातीला टी-४ आणि टी-३ बघूनच डोस ठरतो. चौथ्या महिन्यात वजन ५५ झालं.

गोळी चालू असताना

हे औषध साधारण बारा ते अठरा महिने चालतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर आजार परत उसळू शकतो. कोर्स पूर्ण करूनही अनेकांना तो पुन्हा होतो. मग किरणोत्सारी आयोडीन किंवा ऑपरेशन हे पर्याय असतात.

दोन गोष्टी मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत हव्यात. पहिली, कार्बिमाझोल घेताना ताप येऊन घसा दुखला, तोंड आलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्यात. क्वचित काहींच्या पेशी धोकादायक कमी होतात. दुसरी, पाळी चुकली किंवा मूल हवं असेल तर लगेच सांगावं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी बाळाला अपाय करू शकते, म्हणून त्या काळात औषध बदलतात. स्वतःहून नुसतं बंद करणंही बरोबर नाही, कारण वाढलेला थायरॉईडही गरोदरपणाला धोका असतो. रमजानमध्ये रोजे ठेवायचे असतील तर आधीच विचारून घ्यावं. बऱ्याच रुग्णांना ही गोळी दिवसातून एकदाच देता येते, म्हणजे ती सहरीला किंवा इफ्तारनंतर घेता येते.

घरी काय बघाल

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. असं तीन दिवस करा. नुसत्या टेन्शनमध्ये नाडी झोपेत आणि आरामात खाली येते. थायरॉईडमध्ये ती बहुधा तेव्हाही वेगातच असते. ती सतत ९० च्या वर असेल, भूक चांगली असून महिन्या-दोन महिन्यांत वजन उतरलं असेल, तर साखरेबरोबर थायरॉईडचीही तपासणी मागा.

घरातल्या वयस्कर मंडळींवर जास्त लक्ष ठेवा. त्यांच्यात हात थरथरणं, घाम येणं यातलं काही दिसेलच असं नाही. भूकही वाढत नाही, कधी उलटी कमी होते. नुसतं वजन घटतं, थकवा येतो आणि नाडी अनियमित पडते. "उमर झाली" म्हणून ते सोडून दिलं जातं. पण अनियमित ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते आणि लकवा मारू शकतो. वाढलेला थायरॉईड हाडंही ठिसूळ करतो, मग घसरून पडण्याचं निमित्त पुरतं.

छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, किंवा जोराचा ताप, फार वेगाची नाडी आणि असंबद्ध बोलणं एकत्र दिसलं, तर लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखान्यात न्या.