यंत्र ‘नाही’ म्हणाले, पुढे काय?



ठिबकच्या अनुदानाचे अर्ज भरून घेण्याचे काम आपल्या शेतकी विभागात चालते. या कामाला यंदा संगणकाची जोड मिळाली आहे. अर्जातील माहिती भरली की तो सभासद पात्र आहे की नाही, हे संगणक आपणहून सांगतो. ज्या दिवशी ही सोय सुरू झाली, त्या दिवशी मुख्य शेतकी अधिकारी साहेबांनी अर्ज टेबलावरच्या आम्हा मंडळींना दहा मिनिटे काही गोष्टी सांगितल्या. त्या सभासदांच्याही कामाच्या असल्याने येथे देत आहोत.

साहेबांनी सुरुवातच २०१७ सालापासून केली. “कर्जमाफीचे आठवते ना? सेवा केंद्रात रांगा लावून लोकांनी अर्ज भरले. बँकांची माहिती एकीकडे, अर्ज दुसरीकडे, आणि दोन्ही संगणकाने जुळवायचे. कुठे नाव जुळेना, कुठे एकाच आधार क्रमांकावर अनेक नावे निघाली. १८ ऑक्टोबर २०१७ ला दिवाळीत प्रमाणपत्रे वाटली गेली, पण याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि लोकांना वाट पाहावी लागली. यंत्र बिघडले होते असे नाही. त्याला अक्षर कळते, माणूस कळत नाही.”

मग त्यांनी दोन वर्षांनी आलेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेकडे लक्ष वेधले. त्या वेळी शेतकऱ्याकडून अर्जच घेतला नाही. बँकेची यादी गावात लागली, शेतकऱ्याने आपली रक्कम पाहिली, पटली तर अंगठा दिला आणि न पटली तर तक्रार केली. “यंत्राने काढलेला आकडा आधी ज्याचा त्याला दाखवला, मुख्य फरक तो हा,” असे साहेब म्हणाले.

आपल्या संगणकाची तीन उत्तरे आहेत : पात्र, अपात्र, आणि कागद पाहा. साहेबांनी एक अर्ज समोर ठेवून समजावले. तिघा भावांचे सामाईक खाते. आठ-अ वर एकूण क्षेत्र २ हेक्टर ४३ आर. संगणकाने तेवढाच आकडा वाचला, २ हेक्टरच्या वर म्हणून ‘अल्पभूधारक नाही’ असा शेरा मारला. खरे पाहता एका भावाच्या हिश्श्याला ८१ आरच येतात. ठिबकला राज्याच्या पूरक अनुदानासह अल्प व अत्यल्प भूधारकास ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात. मान्य खर्च एक लाख धरला तर या एका शेऱ्याने त्याचे पाच हजार रुपये गेले असते. तहसीलचा अल्पभूधारक दाखला जोडला की प्रश्न मिटतो. पण दाखला लागतो हे त्याला कोणी सांगितले पाहिजे ना!

म्हणून साहेबांनी आम्हाला तीन गोष्टी घालून दिल्या. पहिली, ‘अपात्र’ हा निकाल नाही, ती सूचना आहे. सातबारा, आठ-अ हाताने पाहून आमच्यापैकी एकाने सही केल्याशिवाय कोणाला परत पाठवायचे नाही. दुसरी, परत पाठवताना कारण एका ओळीत लिहून द्यायचे. ‘संगणक घेत नाही’ हे कारण नव्हे. तिसरी, दर शनिवारी अपात्र अर्ज गावनिहाय मांडायचे. एकाच गावचे आठ-दहा अर्ज एकाच कारणाने पडले, तर चूक शेतकऱ्यांची नसून माहितीत किंवा नियम भरण्यात आहे असे समजायचे.

‘पात्र’ म्हटले तरी निर्धास्त राहू नका, हेही त्यांनी बजावले. त्याच क्षेत्रावर सात वर्षांत ठिबकचे अनुदान घेतले असेल तर पुन्हा मिळत नाही. जुना लाभ वडिलांच्या नावे असेल तर आपल्या संगणकाला तो दिसत नाही. अर्ज पुढे गेल्यावर मोका तपासणीत अडकतो, आणि तोवर संच बसवून खर्च झालेला असतो.

पहिल्याच आठवड्यात सेलू भागातील एक वयस्क सभासद आले. सातबाऱ्यावर ‘रामराव’, आधारवर ‘रामा’. शेरा पाहून म्हणाले, “भाऊ, जमीन तीच हाये, मी बी तोच हाये, मंग हा कोण नाई म्हनते?” आम्ही कागद पाहिले, कारण लिहून दिले आणि आधारवरील नाव दुरुस्त करून आणायला सांगितले. पूर्वी त्यांना नुसतेच ‘उद्या या’ ऐकावे लागले असते.

तरी सभासदांनी अर्जाला येण्यापूर्वी सातबारा, आधार व बँक पासबुकावरील नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचावे. खाते सामाईक असल्यास अल्पभूधारक दाखला सोबत आणावा. वडिलांच्या नावे पूर्वी ठिबक घेतले असल्यास ते आधीच सांगावे. आणि अर्ज परत आला तर लेखी कारण मागून घ्यावे. ते देणे आमच्यावर बंधनकारक आहे.

— ऊस विकास अधिकारी